शिस्तभंगाच्या सुनावणीचं पत्र: सौम्य लिहायचं की स्पष्ट?

सायली_क

मी ब्रिटनमध्ये एका गोदाम-वाहतूक कंपनीत एचआरमध्ये आहे. शीतगृहात रात्रपाळी करणाऱ्या एका माणसाला शिस्तभंगाच्या सुनावणीला बोलवायचं आहे. तापमानाच्या नोंदवहीत तीन रात्रींच्या नोंदी त्याच्या सहीने आहेत, पण दाराच्या कार्डाच्या रेकॉर्डमध्ये त्या वेळी कोणी आत गेल्याचं दिसत नाही. माझे मॅनेजर म्हणतात, 'अनौपचारिक भेट' असं लिही, माणूस घाबरायला नको. दुसरे वरिष्ठ म्हणतात, 'खोट्या नोंदी करून फसवणूक केली' असं सरळ लिही. पत्र शुक्रवारी संध्याकाळी मेलने जाईल आणि सुनावणी सोमवारी सकाळी १० ला आहे. सोबत माणूस आणण्याबद्दलचं वाक्य असं आहे (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते): "एचआरच्या पूर्वपरवानगीने आपण एक सहकारी सोबत आणू शकता. त्याने सुनावणीत बोलू नये." हे असंच पाठवू का? तटस्थ भाषा म्हणजे नक्की कोणती?

नंदन

तुमच्या मॅनेजरांचं बरोबर आहे. मी आठ वर्षं टीम सांभाळतो आहे. 'डिसिप्लिनरी' हा शब्द मेलच्या विषयात दिसला की माणूस त्या क्षणापासून कामातून जातो. रात्रभर झोपत नाही, दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकतो आणि सुनावणी महिनाभर लांबते. 'काही नोंदींबद्दल बोलायचं आहे' एवढं पुरे. बाकीचं समोरासमोर सांगता येतं. फक्त वेळेचं बघा. कायद्याने पाच दिवसांची नोटीस द्यावी लागते, शुक्रवार ते सोमवार चालणार नाही.

रानवारा

नंदन, असंच पत्र मला आलं होतं, म्हणून लिहिते. कंपनीचं नाव सांगत नाही. मेलमध्ये 'थोडं बोलायचं आहे, अर्धा तास ठेव' एवढंच होतं. मी वही घेऊन गेले, मला वाटलं पुढच्या महिन्याच्या पाळ्या ठरवायच्या असतील. आत मॅनेजर, एचआरची एक बाई आणि टेबलावर फाइल. चाळीस मिनिटांनी बाहेर आले ती शेवटची लेखी ताकीद घेऊन. कोणाला सोबत नेता येतं हे मला माहीतच नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. फाइलमधले दोन मेल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यातला एक माझ्या सुट्टीच्या दिवशीचा होता, पण तो दिवस कोणता हे मला तिथे बसून आठवेना. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं तेव्हा कळलं. मी घाबरू नये म्हणून ते पत्र मऊ लिहिलं असेलही, पण त्या मऊपणामुळे मी हात हलवत आत गेले.

मीनल_ज

सायली, पत्र पाठवायचं थांबव. मी आधी अकरा वर्षं एचआरमध्ये होते आणि आता युनियनकडून कामगारांसोबत सुनावणीला बसते. अशी पत्रं मी लिहिली आहेत आणि आता समोरच्या बाजूने वाचतेही. तुझ्या पत्रात तीन ठिकाणी घोटाळा आहे. भाषेचं आधी सांगते, कारण तिथे तुझे दोन्ही वरिष्ठ चुकत आहेत.

तटस्थ भाषा म्हणजे मऊ भाषा नव्हे. जे दिसलं ते लिहायचं आणि त्यावरून जे वाटलं ते आरोप म्हणून वेगळं लिहायचं, ही तटस्थ भाषा. तुझ्याकडे दिसलेल्या गोष्टी दोनच आहेत, वहीत नोंद आहे आणि कार्डाच्या रेकॉर्डमध्ये दार उघडल्याची नोंद नाही. 'फसवणूक केली' हा निकाल झाला. सुनावणीआधीच निकाल लिहिलास तर सुनावणी कशासाठी घेतेस, असा प्रश्न मी पहिल्याच मिनिटाला विचारेन आणि नोकरीचे खटले चालवणाऱ्या ट्रायब्युनलचा न्यायाधीशही विचारेल.

उलट 'काही नोंदींबद्दल' हेही चालत नाही. ॲकास ही इथली कामगार-मालक तंटे सोडवायला मदत करणारी सरकारी संस्था, तिची जी आचारसंहिता आहे ती सांगते की आरोप आणि त्याचे संभाव्य परिणाम यांची माहिती इतकी द्या की माणसाला उत्तराची तयारी करता येईल. लेखी पुरावे असतील तर साधारणपणे पत्रासोबतच त्यांच्या प्रती द्यायच्या. संहिता स्वतः कायदा नाही, ती पाळली नाही एवढ्यावर खटला होत नाही. पण बडतर्फीचा खटला उभा राहून कामगार जिंकला आणि तुम्ही संहिता विनाकारण मोडल्याचं दिसलं, तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

मी असं लिहीन: "३, १० आणि १७ तारखेच्या रात्री २ आणि ५ वाजता शीतगृह क्र. १ व २ च्या तापमानाच्या नोंदी आपल्या सहीने आहेत. सोबतच्या कार्ड-रेकॉर्डनुसार त्या वेळांच्या आधी-नंतर अर्ध्या तासात दोन्ही दारं उघडलेली दिसत नाहीत. प्रत्यक्ष तापमान न बघता या नोंदी केल्या गेल्या, असा आरोप आहे. सुनावणीत यावर आपली बाजू ऐकून मगच निर्णय होईल." (तारखा-वेळा मी धरून चालले आहे, तुझ्या तू घाल.) यात 'खोट्या' नाही, 'फसवणूक' नाही, आणि तरी काहीही लपवलेलं नाही.

एक प्रश्न. तापमान बघायला आत जावंच लागतं का? बऱ्याच शीतगृहांना दाराबाहेर आकडा दाखवणारं पॅनेल असतं.

विजयकाका

मी भारतात एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो, २०११ साली निवृत्त झालो. ही चर्चा वाचून आश्चर्य वाटतं. आम्ही आरोपपत्र द्यायचो. त्यात स्थायी आदेशांतलं कलम, गैरवर्तनाचा प्रकार, तारीख, वेळ सगळं असायचं. कामगाराने लेखी खुलासा द्यायचा, तो पटला नाही तर चौकशी अधिकारी नेमायचा आणि मग चौकशीची नोटीस. युनियनचा पदाधिकारी कामगाराच्या बाजूने उभा राहायचा आणि साक्षीदारांची उलटतपासणीसुद्धा घ्यायचा. एका फिटरच्या केसमध्ये आमची चौकशी चौदा बैठका चालली. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढे उशीर त्याच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. सायलीबाईंनी आधी आरोपपत्र द्यावं, खुलासा मागवावा आणि नंतर बैठकीची तारीख ठरवावी. एकाच पत्रात सगळं कसं काय कोंबता?

मीनल_ज

काका, तुमची पद्धत अधिक पायऱ्यांची आहे, आणि त्यात कामगाराला लिहून उत्तर द्यायची संधी आधी मिळते हे मला मनापासून आवडतं. पण सायलीचं प्रकरण ब्रिटनमधलं आहे. इथे आधी तथ्यं गोळा करायची चौकशी होते आणि मग सुनावणी. आरोप, परिणाम, पुरावे, वेळ, जागा आणि सोबत्याचा हक्क हे सगळं सुनावणीच्या पत्रातच येतं. सोबत येणाऱ्याचं कामही इथे वेगळं आहे. साक्षीदारांनी दिलेल्या माहितीवर मुद्दे मांडायची संधी कामगाराला द्यावी असं संहिता म्हणते, पण तुमच्याकडची वकिली उलटतपासणी इथे नसते.

सायली_क

मीनलताई, आज शिफ्ट सुपरवायझरसोबत जाऊन पाहिलं. क्र. १ च्या दाराबाहेर पॅनेल आहे! आत न जाता आकडा वाचता येतो. क्र. २ ला नाही, तिथे आत जावंच लागतं. चौकशीच्या अहवालात हे कुठेच नव्हतं. आमच्या वरिष्ठांचं वाक्य गेलं असतं तर निम्मा आरोप पहिल्या पाच मिनिटांत कोसळला असता.

मीनल_ज

कोसळला असता आणि वर त्या माणसाला फसव्या म्हटल्याचा कागद तुमच्या सहीने त्याच्या हातात राहिला असता. आता अहवालात ही भर घाल, पॅनेलचा फोटो जोड आणि आरोप फक्त क्र. २ पुरता ठेव. क्र. १ पत्रातून काढ. 'नंतर लागलं तर बघू' म्हणून ठेवू नकोस. स्ट्राउथोस विरुद्ध लंडन अंडरग्राउंड या २००४ च्या निकालात कोर्ट ऑफ अपीलने हेच सांगितलं होतं की आरोप नेमका मांडायचा आणि जो मांडला नाही त्यावरून माणसाला काढायचं नाही. सुनावणीत नवं काही निघालं तर थांबायचं, त्याची वेगळी चौकशी करायची आणि नवं पत्र द्यायचं.

ऋजुता

मला हे सगळं तटस्थतेचं प्रकरणच पटत नाही. चौकशी कंपनीच्या माणसाने केली, पत्र कंपनीने लिहिलं, निर्णयही कंपनीच देणार. 'आपली बाजू ऐकून मगच निर्णय होईल' हे वाक्य मी तीन जणांच्या पत्रांत वाचलं आहे आणि तिघांचाही निकाल आधी ठरलेला होता. सभ्य भाषेने माणूस गाफील राहतो. त्यापेक्षा त्या दुसऱ्या वरिष्ठांची भाषा प्रामाणिक आहे. कंपनीला काय वाटतं ते निदान कळतं आणि माणूस वेळेवर वकील गाठतो.

मीनल_ज

ऋजुता, ठरवून ठेवलेले निकाल मीही पाहिले आहेत. तुझा राग चुकीचा नाही. पण नेमकं लिहिलेलं पत्र कामगाराच्याच हातातलं हत्यार असतं. 'फसवणूक' या शब्दाला उत्तर काय देणार? 'मी फसवलं नाही' एवढंच. '१० तारखेला पहाटे ५, शीतगृह क्र. २' याला मात्र उत्तर देता येतं. त्या रात्री दार फोर्कलिफ्टसाठी उघडंच ठेवलं होतं का, दुसऱ्याच्या कार्डाने आत गेलो होतो का, कार्डाचं मशीन बंद होतं का, हे तपासता येतं. मशीनच्या दुरुस्तीची नोंद मागता येते. माझ्या सोबतच्या माणसांची जी प्रकरणं सुटली, ती बहुतेक अशाच एखाद्या तारखेवर सुटली.

निर्णय देणारा माणूस वेगळा हवा हे तुझ्या मुद्द्यातून येतंच. चौकशी करणाराने सुनावणी घेऊ नये, शक्य असेल तिथे. सुनावणी कोण घेणार आणि टिपणं कोण लिहिणार, त्यांची नावं पत्रात घाल, सायली. मग त्या माणसाला एखाद्याबद्दल हरकत असेल तर ती आधी घेता येते.

नंदन

बरं, आरोप नेमका लिहावा हे मान्य. पण परिणामांचं काय? 'बडतर्फी होऊ शकते' असं लिहिलं की तटस्थपणा संपला. ती सरळ धमकी आहे. आणि सोबत्याबाबत एचआरची परवानगी नको असं कोणी म्हणू नये. उद्या त्याने साक्षीदारालाच सोबत आणलं तर?

मीनल_ज

सोबत्याचं आधी, कारण सायलीच्या पत्रातली सगळ्यात वाईट ओळ तीच आहे.

हा हक्क १९९९ च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ॲक्टच्या कलम १० मधला आहे. ज्या सुनावणीतून औपचारिक ताकीद किंवा त्याहून मोठी कारवाई होऊ शकते तिथे तो लागू होतो. आधीच्या चौकशीच्या भेटीला कायद्याने लागू होत नाही, कंपनीच्या धोरणात असेल तर गोष्ट वेगळी. सोबत कोण येऊ शकतो तेही ठरलेलं आहे, म्हणजे एखादा सहकारी, युनियनचा पगारी अधिकारी किंवा युनियनने प्रमाणित केलेला प्रतिनिधी. तुझ्या पत्रात फक्त 'सहकारी' आहे, म्हणजे युनियनचा पर्याय तू गिळूनच टाकलास. युनियनला कंपनीने मान्यता दिलेली नसली तरी हा हक्क असतो. भाऊ, बायको, वकील यांना आणायचा हक्क या कलमात नाही. कंपनी आपणहून मुभा देऊ शकते, आणि अपंगत्व असेल तर समानता कायद्याखाली तशी सोय विचारात घ्यावीच लागते.

आता परवानगी. या तीन प्रकारांतला माणूस निवडणं हा कामगाराचा हक्क आहे. 'वाजवी विनंती' हे शब्द कायद्यात आहेत म्हणून वर्षानुवर्षं कंपन्या म्हणायच्या की निवडही आम्हाला वाजवी वाटली पाहिजे. २०१३ मध्ये टोल विरुद्ध जीबी ऑइल्स या प्रकरणात अपिलीय ट्रायब्युनलने सांगितलं की वाजवीपणा सोबत नेण्याच्या विनंतीला लागतो, माणसाच्या निवडीला लागत नाही. त्यानंतर २०१५ मध्ये ॲकासने आपली संहिता बदलली. त्यामुळे 'एचआरच्या पूर्वपरवानगीने' हे शब्द काढून टाक. 'सोबत कोण येणार हे आधी कळवा' एवढं विचारायला हरकत नाही, जागा आणि कागद तयार ठेवता येतात. साक्षीदाराचा नंदनचा प्रश्न खरा आहे. अशा वेळी दुसरा कोणी निवडाल का, असं सुचवता येतं. नाकारणं मात्र धोक्याचं. हक्क डावलल्याची भरपाई दोन आठवड्यांच्या पगारापर्यंत आहे, रक्कम छोटी वाटेल, पण तेच डावलणं पुढे बडतर्फीच्या खटल्यात पूर्ण प्रक्रियेवर डाग म्हणून येतं.

'त्याने बोलू नये' हे तर सरळ कायद्याविरुद्ध आहे. सोबत आलेला माणूस बाजू मांडू शकतो, शेवटी समारोप करू शकतो, सुनावणीत कोणी मत मांडलं तर कामगाराच्या वतीने त्याला प्रतिसाद देऊ शकतो, मध्येच थांबवून कामगाराशी खाजगीत बोलू शकतो. कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं त्याने द्यायचं नाही. मी सुनावणीला बसते तेव्हा बहुतेक वेळ गप्पच असते. पण माणूस एखाद्या प्रश्नावर अडखळायला लागला की दहा मिनिटं मागते, बाहेर नेते, पाणी देते, कागद पुन्हा दाखवते. ती दहा मिनिटं मागायचा हक्क पत्रात लिहिलेला नसेल तर नवखा सहकारी बापडा कोपऱ्यात बसून राहतो.

रानवारा

हे वाचून हात थरथरले. माझ्यासोबत कोणी असतं आणि दहा मिनिटं मिळाली असती तर मी फोनमधलं कॅलेंडर पाहिलं असतं.

विजयकाका

रानवारा, अपील केलं होतंत का?

रानवारा

नाही काका. अपिलाची मुदत पत्रात होती, पण मला त्या लोकांसमोर पुन्हा बसायचं नव्हतं. ताकीद बारा महिने राहिली आणि संपली.

नंदन

परिणामांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मीनल_ज

येते. परिणाम न लिहिणं हा तटस्थपणा नाही. माणसाला वाटेल फार तर तोंडी समज मिळेल, म्हणून तो एकटा येईल. बडतर्फीची शक्यता असताना ती न लिहिता बोलावलं आणि मग काढलं, तर तयारीची संधीच मिळाली नाही असं म्हणायला त्याला पक्का आधार मिळतो. लिहिण्याची रीत मात्र आहे: "आरोप सिद्ध झाल्यास कारवाई न करण्यापासून ते बडतर्फीपर्यंत कोणताही निर्णय होऊ शकतो." दोन्ही टोकं लिही. 'कारवाई न होणे' हेही एक टोक आहे हे बहुतेक पत्रं विसरतात.

ऋजुता

आणि म्हणूनच प्रत्येक पत्रात बडतर्फी छापलेली असते! माझ्या मैत्रिणीला उशिरा येण्याबद्दल बोलावलं होतं, पहिलीच वेळ. पत्रात 'बडतर्फीपर्यंत'. कंपनीचा ठरीव मजकूर होता तो. ती दोन आठवडे भाड्याच्या विचाराने अर्धमेली झाली आणि शेवटी मिळाली तोंडी समज. नंदनचा मुद्दा इथे खरा आहे. सगळ्यांना सगळ्यात मोठी शिक्षा दाखवायची हे कंपनीच्या सोयीचं आहे, उद्या कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

मीनल_ज

हे मला मान्य आहे. ठरीव मजकूर तसाच चिकटवणं वाईट. त्या प्रकारच्या आरोपाला कंपनीच्या धोरणात जास्तीत जास्त काय होऊ शकतं ते बघून तेवढंच लिहावं. पहिल्याच उशिराला लेखी ताकीद हे टोक असेल तर 'लेखी ताकिदीपर्यंत' असं लिहावं आणि मग तिथेच थांबावं.

नंदन

पण टोक कोण ठरवणार? सुनावणीआधी एचआरनेच 'बडतर्फीपर्यंत' की 'ताकिदीपर्यंत' ठरवलं तर निम्मा निकाल तिथेच लागला. सुनावणी घेणाऱ्याच्या डोक्यात तो आकडा बसतो.

मीनल_ज

यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मी चौकशीच्या अहवालातल्या आरोपावरून आणि धोरणातल्या यादीवरून ठरवायचे, माणसाकडे बघून नाही. तरी तू म्हणतोस तो परिणाम होतोच.

सायली_क

आमच्या धोरणात सुरक्षेच्या नोंदींत जाणूनबुजून फेरफार हे गंभीर गैरवर्तनाच्या यादीत आहे. तापमानाची नोंद अन्नसुरक्षेची असल्याने तिकडेच जाते. म्हणून 'बडतर्फीपर्यंत' लिहावं लागेल असं दिसतं. पण जाणूनबुजून की विसरून, हे तर सुनावणीतच कळणार.

आणि वेळेचं सांगा ना. नंदन म्हणतात पाच दिवस.

मीनल_ज

नंदनने दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत. पाच दिवसांची नोटीस असं कायद्यात कुठे नाही. अनाठायी उशीर नको आणि तयारीला वाजवी वेळ हवा, एवढंच संहिता सांगते. कंपनीच्या धोरणात दिवस दिलेले असतील तर ते पाळायचे. पाच हा आकडा येतो तो सोबत्यासाठी. तू दिलेल्या वेळी निवडलेला सोबती येऊ शकत नसेल आणि कामगाराने पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी वाजवी वेळ सुचवली, तर ती मान्य करणं तुला बंधनकारक आहे. मोजणी सुनावणीच्या दुसऱ्या कामाच्या दिवसापासून. सुनावणी मंगळवारी १४ ला असेल तर बुधवार १५ हा पहिला दिवस, शनिवार-रविवार धरायचा नाही आणि मंगळवार २१ हा पाचवा. हे पत्रातच तारखेसकट लिही, म्हणजे कोणाला कायदा उघडावा लागणार नाही.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे प्रत्यक्षात एकही कामाचा दिवस नाही. शनिवारी युनियनचं ऑफिस बंद. आणि एक गोष्ट तुमच्यापैकी कोणीच बोललं नाही. हा माणूस रात्रपाळीचा आहे. त्याची पाळी कधी सुटते?

सायली_क

सकाळी ६ ला.

मीनल_ज

म्हणजे सोमवारी १० वाजता तू त्याला त्याच्या मध्यरात्री बोलावते आहेस. आठ तास काम करून, चार तास कुठेतरी बसून, मग नोकरीच्या प्रश्नावर उत्तरं द्यायची. असं मी एकदा होऊ दिलं होतं, एचआरमध्ये असताना. माणूस प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत गेला. मी ती टिपणं घरी नेऊन वाचली आणि पुन्हा सुनावणी घ्यायला लावली. वेळ ठरवताना त्याचं घड्याळ बघ.

सायली_क

ठरलं ते सांगते. पत्र बुधवारी ८ तारखेला त्याच्या हातात दिलं आणि मेलही केला. सोबत कार्डाचं रेकॉर्ड, नोंदवहीची तीन पानं, पॅनेलचा फोटो, सुपरवायझरचा जबाब आणि शिस्तीचं धोरण. सुनावणी मंगळवार १४, दुपारी ३. सोमवारची रात्रपाळी पगारी सुट्टी. मॅनेजरांनी आधी कुरकुर केली, मग सही केली. सोबत्याची ओळ आता अशी: "आपण एक सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी सोबत आणू शकता; निवड आपली आहे. तो आपली बाजू मांडू शकतो, समारोप करू शकतो आणि सुनावणी थांबवून आपल्याशी खाजगीत बोलू शकतो. आपल्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र आपण स्वतः द्यावीत. या वेळी तो येऊ शकत नसेल तर मंगळवार २१ पर्यंतची दुसरी वेळ सुचवा."

विजयकाका

वाक्य चांगलं उतरलं आहे. पत्र दिल्याची पोच घेतलीत ना? आमच्याकडे अर्ध्या केसेस पोचेवरच लटकायच्या.

सायली_क

घेतली काका. सही नको वाटत असेल तर चालेल असं सांगितलं होतं, पण त्याने केली. त्याखाली एक ओळही लिहिली: "क्र. २ चा कार्ड-रीडर थंडीने बंद पडतो, रात्री आम्ही दार पाचर लावून ठेवतो." देखभालीच्या नोंदी मागवल्या आहेत.

आणि काल त्याने एक तक्रारही दिली, रात्रपाळीला दोघांऐवजी एकटाच ठेवतात म्हणून. आता त्या तक्रारीच्या भेटीचंही पत्र काढायचं आहे. सुनावणी थांबवायची का?

नंदन

थांबवू नका. हे नेहमीचं आहे, नोटीस मिळाली की तक्रार.

मीनल_ज

'नेहमीचं आहे' असं धरून चालू नकोस, सायली. सुनावणी तात्पुरती थांबवता येते, किंवा दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले असतील तर सोबतच हाताळता येतात. संहितेत दोन्ही वाटा आहेत. इथे एकट्याला ठेवणं आणि नोंद चुकणं यांचा संबंध लागतो, म्हणून मी सोबत घेईन, मात्र तक्रार त्याच सुपरवायझरविरुद्ध असेल तर त्याचा जबाब पुरावा म्हणून कसा वापरायचा याचा आधी विचार करीन. तक्रारीच्या भेटीलाही सोबत्याचा तोच हक्क आहे आणि भाषेची तीच शिस्त. 'आपण सुपरवायझरवर केलेले आरोप' लिहू नकोस. '९ तारखेच्या पत्रात आपण रात्रपाळीच्या मनुष्यबळाबद्दल मांडलेली तक्रार ऐकून घेण्यासाठी आणि ती कशी सुटावी असं आपल्याला वाटतं ते समजून घेण्यासाठी' असं लिही.

ऋजुता

आणि बडतर्फीची ओळ?

सायली_क

सुनावणीच्या पत्रात आहे, 'कारवाई न करण्यापासून' सकट. ती वाचताना त्याचा चेहरा उतरला. मी समोरच बसले होते. युनियनच्या माणसाने २० तारीख मागितली आहे, ती दिली.